माणिकदुर्ग की माणिकगड?

गड डोंगरावर, दुर्ग पाण्यात आणि कोट सपाटीवर. शिवजयंतीच्या आसपास हा नियम फोनवर फिरत फिरत आमच्या गावापर्यंत येतो, आणि मग शाळेच्या प्रश्नमंजुषेत कुणीतरी तो विचारतोच. तीनच ओळींचा असल्यामुळे पोरांनाही पटकन पाठ होतो. तो बेतला गेला सह्याद्री आणि कोकण डोळ्यांसमोर ठेवून, आणि तिकडे बऱ्यापैकी लागूही पडतो. रायगड, प्रतापगड, सिंहगड डोंगरावर आहेत. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग समुद्रात आहेत. नियम करणाऱ्याला आणखी काय हवं!

पण तिकडेही थोडं खरवडलं की रंग निघतो. देवगड आणि जयगड हे दोन्ही किल्ले थेट समुद्रकाठचे, तरी नावात गड. विजयदुर्ग पूर्ण पाण्यात नाही, एका अंगाने जमिनीला जोडलेला आहे. आणि नळदुर्ग तर समुद्रापासून कोसच्या कोस दूर, धाराशिव जिल्ह्यात बोरी नदीच्या काठी. तिथून पुढे कर्नाटकात उतरलं की डोंगरी किल्ल्यालाच दुर्ग म्हणतात. चित्रदुर्ग आणि नंदीदुर्ग ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. म्हणजे हा नियम भूगोलाचा कमी आणि एका मुलखाच्या सवयीचा जास्त.

आमच्या विदर्भात तर त्याची पार दाणादाण उडते. गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसा. महाराष्ट्राची हद्द संपली की डोंगरगढ येतं. तिथे खरोखरच डोंगर आहे, वर बम्लेश्वरीचं देऊळ आहे, नवरात्रात गाडी तिथे निम्मी रिकामी होते. मग राजनांदगाव आणि त्यापुढे दुर्ग. नियम पाठ असलेला माणूस दुर्ग स्टेशनवर उतरून समुद्र शोधायला लागला तर बिचाऱ्याचं काय चुकलं? पाणी म्हणायला जवळ शिवनाथ नदी आहे, आणि किल्ला म्हणायला एके काळी मातीच्या तटाचा आणि खंदकाचा एक किल्ला होता. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1741 मध्ये छत्तीसगढात शिरल्या तेव्हा त्यांनी तिथेच ठाणं मांडलं होतं. ना डोंगर, ना समुद्र, आणि नाव मात्र नुसतं दुर्ग, मागे-पुढे काहीही नाही.

तेव्हा या दोन शब्दांकडे जरा वेगळ्या बाजूने पाहावं लागतं. दुर्ग हा संस्कृत शब्द, आणि त्याचा अर्थ जिथे पोचणं अवघड ती जागा. अवघड कशामुळे, हे सांगायला त्याच्या आधी आणखी एक शब्द लागतो. कौटिल्याने असे चार प्रकार सांगितले: पाण्यामुळे अवघड तो औदक, डोंगरामुळे अवघड तो पार्वत, ओसाड वाळवंटामुळे अवघड तो धान्वन, आणि रानामुळे अवघड तो वनदुर्ग. दुर्ग हा शास्त्र्याने वर्गवारीसाठी वापरलेला शब्द आहे, म्हणून तो कागदावर जास्त शोभतो. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचवणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात किल्ल्यांच्या शब्दांचा जो भाग आहे त्याचं नावही दुर्गवर्ग असंच. 1664 मध्ये कुरटे बेटावर नव्या जागी नवा किल्ला बांधायला घेतला, त्याला सिंधुदुर्ग नाव मिळालं. जुनं बिरूद चिकटलेलं नव्हतं, नाव दरबारातून यायचं होतं, आणि ते संस्कृतात आलं. माझ्या मते समुद्रातल्या किल्ल्यांना दुर्ग म्हणण्याची सवय पडली ती यातूनच. समुद्राचं पाणी हे त्यामागचं निम्मंच कारण.

गडाची गोष्ट निराळी. प्राकृतात गढ आहे, संस्कृतात त्याला धड मूळ सापडत नाही. हिंदीत तो गढ राहिला, मराठीत त्याचा ढ झिजून ड झाला. गढीत मात्र तो ढ तसाच टिकला, आणि गढी वऱ्हाडात कुठल्याही मोठ्या गावात आहे. गड हा लोकांचा शब्द आहे, आणि त्यात अवघडपणापेक्षा बसण्याचा, ठाण मांडण्याचा भाव जास्त आहे. म्हणून तो देवालाही चालतो. रामटेकच्या टेकडीवरच्या रामाच्या देवळाला सगळे गडमंदिर म्हणतात. वणीच्या देवीचा सप्तशृंगगड आहे, खंडोबाचा जेजुरीगड आहे. आजवर एकाही भाविकाने ‘दुर्गावर दर्शनाला जाऊन येतो’ असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

हे सगळं ज्या एका किल्ल्यात एकत्र दिसतं तो चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गडचांदूरहून जिवतीच्या वाटेला लागलं की सपाटीवरची कपाशी आणि सिमेंटची धूळ मागे पडते, रस्ता वळणं घेत सागाच्या रानात शिरतो आणि वर माणिकगड येतो. उंची काही फार नाही, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास. पण रान दाट आहे, आणि पावसाळ्यानंतर गेलात तर तट कुठे संपतो आणि वेली कुठे सुरू होतात हे कळायला वेळ लागतो. दगड काळे, मोठे. दरवाजावर नाग कोरलेला आहे. हा किल्ला नागवंशी राजांचा, गहिलू नावाच्या राजाने बांधला आणि माणिक्यादेवी ही त्यांची देवता, तिच्यावरून हे नाव, असं परंपरेने सांगतात. तो नाग पाहिल्यावर ही परंपरा अगदीच हवेतली वाटत नाही. पुढे मुलूख चांद्याच्या गोंड राजांकडे गेला, पण नाग खरवडायची गरज कुणाला भासली नाही.

आता याच किल्ल्याचं नाव अकबराच्या कागदांत पाहा. वऱ्हाड मोगलांच्या ताब्यात आलं 1596 मध्ये. त्यानंतर आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची जी यादी आली, तिच्यात एकेक सरकार दिलेलं आहे. सरकार म्हणजे काही परगण्यांचा मिळून एक जिल्हा. त्या यादीत गाविल आहे, नरनाळा आहे, पवनार आहे, माहूर आहे, मेहकर आहे, आणि त्यांच्याच रांगेत माणिकदुर्ग आहे. जाणकार त्याची जागा आजचा माणिकगडच ठरवतात. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी कारकुनाच्या लेखणीला जो दुर्ग होता, तो आज लोकांच्या तोंडी गड आहे. डोंगर तोच, तट तोच, दरवाजावरचा नागही तोच.

मग दुर्ग कुठून आला? माझा अंदाज असा की तो दक्षिणेकडून आला. माणिकगडाच्या पलीकडे उतरलं की आदिलाबादचा मुलूख, तेलुगू बोलणारा. राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि आजही जिवतीच्या बाजारात मराठी, गोंडी आणि तेलुगू एकाच दुकानासमोर ऐकू येतात. दक्षिणेत डोंगरी किल्ल्याला दुर्ग म्हणण्याची रीत पक्की, तेव्हा तिकडच्या कारभाऱ्यांनी हा शब्द लावला असावा. उत्तरेकडून पाहणाऱ्याला, वर्धा-वैनगंगेकडच्या माणसाला, तो गडच होता. दुर्ग आणि गड यांची सीमा या एका डोंगरावरून गेली, आणि पुढे गडाची बाजू जिंकली. रेल्वेने तर त्यात आणखी भर घातली. बल्लारशाहच्या पुढच्या एका स्टेशनला तिने हिंदी वळणाचं माणिकगढ नाव दिलं, त्यामुळे झिजलेला ढ परत आला.

किल्ल्याचं काम काय होतं हे नावाच्या शेपटीवरून कळत नाही, ते त्या यादीवरून कळतं. माणिकदुर्ग हे एका सरकारचं नाव होतं, म्हणजे किल्ल्याच्या नावाने आसपासच्या परगण्यांचा हिशेब लागायचा. एवढ्या रानात बसून कुणी रोज लढाया करत नव्हतं. किल्लेदाराचं बारमाही काम म्हणजे शिबंदी सांभाळणं, धान्य साठवणं, आणि खालच्या गावांत वसुली थकली तर वर माणसं आहेत ही आठवण राहू देणं. हे मी वरच्या तटावर उभं राहून पटवून घेतलं. पान गळालेलं असेल तेव्हा खालचा सपाट मुलूख चांगला लांबवर दिसतो. दिसणं हीच निम्मी वसुली.

लोकांनी हे नाव कसं वापरलं तेही पाहण्यासारखं आहे. विदर्भात तीन चांदूर आहेत. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे, आणि इकडे गडचांदूर. कुठल्या चांदूरचा हे विचारताना माणूस ज्याने गाव ओळखलं जातं तेच जोडतो: एकाला बाजार, एकाला रेल्वे, एकाला गड. इथे गड पुढे आला आहे, शेपूट म्हणून नाही. आणि तो किल्ला गावात नाही, गावापासून वर डोंगरात आहे. म्हणजे गडाने आपलं नाव सपाटीवरच्या गावाला दिलं. ज्या किल्ल्याशी खालच्या गावांचं रोजचं देणंघेणं नव्हतं, त्याचं नाव असं खाली उतरलं नसतं.

आता पूर्वेकडे जाऊ, तिथे गडाला डोंगरही लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीजवळ वैरागड आहे. नाव ऐकून माणूस चढणीची तयारी करून जातो, आणि किल्ला निघतो सपाटीवर, नदीच्या संगमाजवळ, भोवती खंदक. नियमाप्रमाणे याला कोट म्हणायला हवं होतं, पण तिकडचा माणूस असा नियम पाळत नाही. त्याचं कारण गोंडवनाच्या कारभारात आहे. तिकडे गड म्हणजे राज्याचा एक तुकडा. छत्तीसगढ हे नाव छत्तीस गढांवरून आलं असं धरतात, आणि रतनपूरच्या राज्यात शिवनाथच्या उत्तरेला अठरा आणि दक्षिणेला अठरा असे ते गढ मोजत. प्रत्येक गढाखाली गावांचा एक घोळका, त्याचा एक मुखिया, आणि त्याच्या बसण्याची जागा. ती जागा डोंगरावर असो की तळ्याकाठी, गढच. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह हा देवगडचा राजा, कोकणातल्या नव्हे, छिंदवाड्याकडच्या देवगडचा, आणि त्याच्या राज्यालाच देवगडचं राज्य म्हणत. किल्ल्याचं नाव हेच राज्याचं नाव, असा हा प्रकार.

वैरागडाला तर आणखी एक कारण होतं, ते म्हणजे हिरे. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आईनमध्येही आहे. वज्र म्हणजे हिरा, वज्रगडाचा वैरागड झाला, अशी त्या नावाची फोड सांगतात. खाण सपाटीवर, नदीच्या थरात, तेव्हा राखणही सपाटीवरच करावी लागणार. डोंगरावर किल्ला बांधून खालच्या खाणीतला चोर कसा पकडायचा? जिथे माल तिथे गड.

वऱ्हाडात आलो की चित्र पुन्हा बदलतं. आमच्याकडचे दोन मोठे किल्ले म्हणजे गाविलगड आणि नरनाळा. आईनमध्ये दोघेही सरकारांची नावं आहेत, पण तिथे नुसतं गाविल आणि नुसतं नरनाळा. गाविल हे नाव गवळ्यांवरून आलं असं मानतात, आणि मेळघाटात गवळी आजही गुरं राखतात. पुढे गाविलला गड चिकटला. नरनाळ्याला तो कधी चिकटला नाही, लोक नुसतं नरनाळा म्हणतात, फार तर नरनाळ्याचा किल्ला. मात्र त्याच नरनाळ्याच्या एका बाजूला जो उपकिल्ला आहे त्याला तेल्यागड म्हणतात. म्हणजे मोठ्याला शेपूट नाही आणि धाकट्याला आहे! चिखलदऱ्याला चहाच्या टपरीवर मी एका गवळ्याला हे विचारत होतो. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘काय गड गड करून रायले सायेब? किल्ला म्हना ना. गड त थो रामटेकचा, देवाचा.’ त्याच्या जिभेवर गाविलगड हे नाव आहे, पण त्यातला गड वेगळा निघत नाही.

गाविलगड दुर्ग होता का, म्हणजे पोचायला अवघड होता का, हे तपासायची संधी इतिहासाने 1803 मध्ये दिली, इंग्रजांची फौज नागपूरकर भोसल्यांच्या या किल्ल्यावर चालून आली तेव्हा. किल्ल्याची दक्षिण बाजू वऱ्हाडच्या मैदानाकडे आहे, आणि तिथून वर पाहिलं की चढायचा विचारच मनात येत नाही. उत्तरेकडे मात्र किल्ला लबाडा गावाच्या बाजूला पठाराला जोडलेला आहे. तिकडे म्हणून बाहेरचा किल्ला आणि आतला किल्ला अशी दुहेरी तटबंदी केली होती, आणि दोहोंच्या मध्ये खोल दरी. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याशी राहिला. त्याच्या जोडीच्या स्टिव्हन्सनने तोफा डोंगरातून, रस्ता करत करत, माणसांनी ओढत उत्तरेला नेल्या. काही दिवस फक्त त्या वाहतुकीतच गेले. मग लबाड्याच्या बाजूने तटाला खिंडार पाडलं आणि 15 डिसेंबरला फौज आत शिरली. बाहेरचा किल्ला पडला तरी आतल्या किल्ल्याचा दरवाजा बंदच होता. एक तुकडी दरीतून चढून शिड्या लावून आत गेली आणि दरवाजा उघडला, तेव्हा किल्ला हातचा गेला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

नियमाच्या भाषेत सांगायचं तर गाविलगड दक्षिणेकडून दुर्ग होता आणि उत्तरेकडून नव्हता. किल्ला पाहायला गेलात तर हे पायांनी कळतं. चिखलदऱ्याकडून तुम्ही जवळपास सपाटीने चालत दरवाजाशी पोचता, आणि पलीकडच्या कड्याशी गेल्यावर खाली वऱ्हाड दिसतं तेव्हा गुडघे जरा सैल होतात. कुठल्याही डोंगरी किल्ल्यावर तट कुठे जाड आहे ते आधी पाहावं. बांधणाऱ्याला भीती कुठली होती ते तिथे दिसतं. गाविलगडाला ती उत्तरेची होती, आणि ती खरी ठरली.

पण लढाईपेक्षा मला जास्त बोलकं वाटतं ते त्यानंतरचं. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. रघूजी भोसल्यांनी कटक आणि बालासोर दिलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही दिला. पण त्या मुलखातून गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले त्यांच्याकडे राहिले, आणि त्यांच्याबरोबर लगतचा चार लाख उत्पन्नाचा प्रदेशही. नुकताच रक्त सांडून घेतलेला किल्ला परत, आणि वर पदरात चार लाखांचा मुलूख! कारण मुलखाशिवाय किल्ला ठेवताच येत नाही. शिबंदीला पगार हवा, कोठारात धान्य हवं, आणि ते दोन्ही खालच्या गावांतूनच येतं. आईनमध्ये गाविल हे सरकार होतं त्याला दोनशे वर्षं उलटून गेली होती, पण किल्ला आणि मुलूख यांचा जोड तहाच्या कलमात तसाच राहिला. गड या शब्दात तिकडे गोंडवनात जे स्पष्ट बोललं जातं, तेच इथे कलमात लिहिलं गेलं.

अकोल्याच्या असदगडाने तर या सगळ्या चर्चेला वळसाच घातला आहे. मोर्णेच्या काठी, शहराच्या मधोमध, सपाटीवर. औरंगजेबाच्या काळात असदखानाच्या नावाने तो उभा राहिला, म्हणून असदगड. इथे गड म्हणजे फक्त मानाची शेपूट. पुढचा शब्द माणसाचा असला की मागच्या गडावरून जागा ओळखायची घाई करू नये, एवढं मी पोरांना सांगतो. पुढचा शब्द देवाचा, प्राण्याचा, जातीचा, झाडाचा असेल तर तो जुना आणि गावातला असण्याची शक्यता जास्त. प्रताप, विजय, सुवर्ण असं भारदस्त असेल तर दरबारातून आलेलं. भोरप्याच्या डोंगरावर किल्ला झाल्यावर तो प्रतापगड झाला, खेळण्याचा विशाळगड झाला, आणि या दोन्ही वेळी नाव देणारा हात वरचा होता.

आणि शेवटी गढी. तिला कुणी यादीत घेत नाही. आमच्या बाजूच्या गावांत देशमुखांच्या नाहीतर पाटलांच्या गढ्या आहेत: पांढऱ्या मातीचा उंच ढिगारा, कोपऱ्याला ढासळलेला बुरूज, आत पेवं, आणि वर निंबाचं झाड. पेंढाऱ्यांची धाड आली की गावातली माणसं, धान्य आणि जनावरं तिथे आत घ्यायची, आणि एरवी वसुलीचा हिशेब तिथेच बसून व्हायचा. माणिकदुर्ग जे काम परगण्यांसाठी करत होता तेच काम गढी एका गावासाठी करत होती. आमच्याकडच्या गढीची माती आता दरवर्षी थोडी थोडी ट्रॉलीत भरून जाते. पांढरी माती शेतात टाकायला, भिंत सारवायला बरी पडते. कुणाची परवानगी लागते का, असं मी तलाठ्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘जागा सातबाऱ्यावर ज्याच्या नावाने आहे त्याला विचारा, भाऊ. अन् ती आता अकरा भावांत वाटली गेली आहे.’